शिंग पडलं, मूळ राहिलं

"वडिलांच्या कानाच्या वरच्या कडेवर शिंगासारखं टोक आलंय. न्हाव्याने कापलं, तर दोन महिन्यांत पुन्हा आलं. आता ते म्हणतात, केस बांधून पाडू. दुखत तर नाही, मग काय हरकत आहे?"

अमळनेरकडचे एक आबा असेच आले होते. वय सत्तरीच्या आसपास, जन्म कपाशीच्या शेतात गेलेला. डोक्यावर पांढरी टोपी, पण टोपीने कान झाकत नाहीत. उजव्या कानाच्या कडेवर करंगळीच्या नखाएवढं पिवळट, वाकडं टोक. "काही व्हत नही भाऊ," म्हणाले. आजींना मात्र भानामतीची शंका होती.

मी त्यांना त्यांचंच नख दाखवलं. शिंगही त्याच द्रव्याचं, केराटिनचं. जनावराच्या शिंगात हाड असतं, यात नसतं. खालची कातडी बिघडली की ती हे द्रव्य भराभर तयार करते, आणि ते झडायच्या ऐवजी एकावर एक साचत जातं. म्हणजे शिंग हा नुसता ढीग. तो कोण रचतंय, ते तळाशी बघायचं. तिथे साधा मस असू शकतो, उन्हाने खरखरीत झालेला कर्करोगपूर्व डाग असू शकतो, किंवा कातडीचा कर्करोगही. बऱ्याच वेळा तळ निरुपद्रवीच निघतो, पण वरून बघून ते ठरत नाही.

डॉक्टरांनी टोकाकडे फारसं पाहिलंच नाही. बोटाने बुड चाचपलं. ते टोकाच्या मानाने रुंद होतं, भोवती लाली होती, हाताला टणक लागत होतं. दाबल्यावर आबा दचकले. तेव्हा आजी बोलल्या, "हे कधीचे त्या कुशीवर झोपतच नाहीत." 'दुखत नाही' म्हणणाऱ्या माणसाला मी म्हणूनच कूस विचारते. न दुखणारं शिंगही तपासावं लागतंच. दुखरं, टणक किंवा झपाट्याने वाढणारं असेल तर लवकर.

जागा बधिर करून शिंग बुडासकट, भोवतीची थोडी चांगली कातडी घेऊन काढलं आणि अख्खा तुकडा फॉर्मलिनमध्ये तपासणीला गेला. नुसतं टोक पाठवलं असतं तर रिपोर्टमध्ये फक्त केराटिन आलं असतं आणि घरच्यांना वाटलं असतं, सुटलो. केस बांधून पाडल्यावरही हेच होतं: टोक पडतं, मूळ राहतं, तपासायला काही उरत नाही.

आबांच्या तळाशी कर्करोग निघाला, सुरुवातीचा. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, मानेत गाठ नव्हती, त्यामुळे पुढे फक्त ठरलेल्या तपासण्या. न्हाव्याने मागे कापलं ते टोक कुठे गेलं, हे डॉक्टरांनी विचारलं होतं. केसांबरोबर उकिरड्यावर.

वडिलांना त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि आधी कापलं होतं हे आवर्जून सांगा. तोवर त्याला हात लावू देऊ नका. आबा आता टोपीवरून उपरणं घेतात, कानांवरून. आजी दर महिन्याला तो कान चाचपून बघतात, आबा कुरकुरले तरी.