उत्तर: ‘हे खरे नाही’ असं छापून आलं, पुढं काय?

मूळ प्रश्न: "आमचं गाव जत तालुक्यात. कालव्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याबद्दल आमदार साहेबांनी अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकला होता. उत्तर आलंय – (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. सरळ खोटं उत्तर आहे. मंत्र्यांवर हक्कभंग आणता येईल का? की दुसरा काही मार्ग आहे?"

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. हेच तीन शब्द आमच्या गावालाही छापून आले होते, डिसेंबर २०१५ च्या नागपूर अधिवेशनात. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, प्रश्नही तुमच्यासारखाच. मी वकील नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. जे भोगलं तेवढंच सांगतो. तुमच्या प्रकरणात तपशील वेगळे असतील, तेव्हा आमदारांच्या कार्यालयाशी बोलूनच पुढचं पाऊल टाका.

हक्कभंगाचं आधी बोलतो, कारण आम्ही त्यातच चार महिने घालवले. हक्कभंगाची सूचना सभागृहाचा सदस्यच देऊ शकतो आणि ती दाखल करून घ्यायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात. त्यात उत्तर चुकीचं आहे एवढं दाखवून भागत नाही, मंत्र्यांनी जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल केली हे दाखवावं लागतं. मंत्री सांगणार, खात्यानं दिलेली माहिती मी वाचली. तिथंच विषय संपतो. शिवाय एक कटू गोष्ट आधीच तपासून घ्या: तुमचं उत्तर खरंच खोटं आहे का? आमचं नव्हतं.

आमचा प्रश्न मीच लिहून दिला होता. पहिला भाग असा होता: "मौजे अमुक येथील १४ शेतकऱ्यांची जमीन कालव्यासाठी २०११ मध्ये ताब्यात घेऊनही अद्याप एकाही शेतकऱ्यास मोबदला मिळालेला नाही, हे खरे आहे काय?" पुढं (२) असल्यास विलंबाची कारणे, (३) चौकशी केली आहे काय, (४) मोबदला केव्हा देणार. लिहिताना जोर यावा म्हणून ‘एकाही’ घातलं. चौदांपैकी दोघांना २०१३ मध्ये काही रक्कम आगाऊ मिळाली होती आणि ते मला ठाऊक होतं. वाटलं, बारा जण उपाशी आहेत, दोघांचा उल्लेख कशाला करायचा.

त्या एका शब्दानं सगळं गेलं. आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नाची रचना बघा: पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ असा असतो आणि पुढचे बहुतेक भाग ‘असल्यास’नं सुरू होतात, म्हणजे सगळे पहिल्याच्या खुंटीला टांगलेले. पहिल्या भागातला एक आकडा, एक तारीख, एक शब्द जरी चुकला तरी खात्याला ‘हे खरे नाही’ लिहायची मोकळीक मिळते. मग ‘असल्यास’ उरतच नाही आणि बाकी सगळ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. दोघांना पैसे मिळाले होते, म्हणून ‘एकाही शेतकऱ्यास नाही’ हे वाक्य खरं नव्हतं. उत्तर अक्षरशः बरोबर होतं आणि बारा घरांवर अन्याय करणारंही होतं.

उत्तर लिहितं कोण, हेही समजून घ्या. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या खात्याकडं जातो, तिथून माहितीसाठी खाली खाली उतरत शेवटी ज्या कार्यालयाविरुद्ध तुमची तक्रार आहे त्याच कार्यालयाच्या टेबलावर येतो. मुदत दोन-चार दिवसांची असते. त्या साखळीतले एक निवृत्त गृहस्थ पुढं माझ्या ओळखीचे झाले. ते म्हणाले, "विधिमंडळाचं काम आलं की रात्री नऊपर्यंत बसायचो. आधी बघायचं, प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं खरं आहे का. नसलं तर टिपणी तीन ओळीत होते. असलं तर पंधरा पानं जोडावी लागतात." आता थकलेला माणूस रात्री कुठली वाट धरेल, तुम्हीच सांगा.

खरी किंमत मात्र पुढं मोजावी लागली. प्रश्न विचारला नसता तर आम्ही होतो तिथंच राहिलो असतो. पण उत्तर छापून आल्यावर ते आमच्याविरुद्धचा पुरावा झालं. आमची फाईल ज्या कार्यालयात होती (नाव लिहीत नाही) तिथं जाऊ तेव्हा साहेब तो छापील कागद काढून दाखवायचे, "विधानसभेत उत्तर गेलंय, आता आमच्या हातात काही नाही." वाटपाची यादी मागितली तर आज लिपिक रजेवर, उद्या रजिस्टर लेखापरीक्षणाला. अकरा महिने असं चाललं. लेखी द्या म्हटलं तर लेखीही देत नव्हते. आठवलं की आजही घशात काहीतरी अडकतं. त्या काळात बारातल्या एक आत्या वारल्या. त्यांच्या वारसनोंदीत आणखी आठ महिने गेले, आणि मोबदल्याच्या यादीतलं त्यांचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत कधी आलंच नाही. ‘एकाही’ लिहिणारा हात माझा होता, हे मी विसरलेलो नाही.

आता काय करायचं ते. सगळ्यात आधी त्या उत्तरामागची टिपणी माहिती अधिकारात मागवा. अर्ज खालच्या कार्यालयाकडं नको, मंत्रालयातल्या संबंधित खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं करा. ‘माझ्या जमिनीची सर्व माहिती’ असलं मोघम लिहू नका. प्रश्नाचा क्रमांक आणि अधिवेशन घालून लिहा की या प्रश्नाच्या उत्तरासाठी क्षेत्रीय कार्यालयानं पाठवलेली माहिती, टिपणी व सहपत्रं यांच्या प्रती द्याव्यात. उत्तर सभागृहात ठेवून झालंय, त्यामुळं विशेषाधिकाराची ढाल त्यांना सहज पुढं करता येत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. आम्हाला अपिलानंतर मिळालं, आणि त्यात काय होतं? खालच्या कार्यालयानंच लिहिलं होतं: १४ पैकी २ खातेदारांना अंशतः रक्कम अदा, उर्वरित १२ खातेदारांची रक्कम निधीअभावी प्रलंबित. खरं कागदावर होतं. मंत्रालयात पोचेपर्यंत त्याचं ‘हे खरे नाही’ झालं.

त्या पत्रावर आम्ही मार्च २०१८ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी प्रश्न नव्यानं लिहिला. या वेळी गावाची बाजू मांडायच्या फंदात पडलोच नाही. त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं: "अमुक कार्यालयाने दिनांक अमुक, जावक क्रमांक अमुक अन्वये १४ पैकी १२ खातेदारांची मोबदल्याची रक्कम निधीअभावी प्रलंबित असल्याचे कळविले आहे, हे खरे आहे काय?" स्वतःच्या पत्राला नाही कसं म्हणणार? उत्तर आलं, ‘होय.’ दुसरा भाग मुद्दाम ‘असल्यास’ न लावता लिहिला: या रकमेसाठी निधीची मागणी कोणत्या तारखेस केली? म्हणजे पहिला भाग पडला तरी दुसरा आपल्या पायावर उभा राहिला असता. माझं ठाम मत आहे की एका भागात एकच गोष्ट असावी, आणि ‘सर्व’, ‘एकही’, ‘कधीही’, ‘जाणीवपूर्वक’ हे शब्द प्रश्नातून काढून टाकावेत. मोर्च्यात ते शोभतात. प्रश्नात ते खात्याला पळवाट देतात.

प्रश्न तारांकितच हवा आणि तो प्रत्यक्ष पुकारला जायला हवा, कारण उपप्रश्न तेव्हाच विचारता येतो. वेळेअभावी राहिला तर नुसतं लेखी उत्तर छापून येतं. त्याला इलाज नाही, यादीतल्या क्रमांकावर असतं. आमचा नशिबानं वर होता. आमदारांना एकच उपप्रश्न लिहून दिला होता: रक्कम कोणत्या आर्थिक वर्षात देणार? मंत्री उभे राहून म्हणाले, येत्या आर्थिक वर्षात तरतूद करून वाटप करू. सभागृहात उच्चारलेलं हे वाक्य म्हणजे आश्वासन, आणि पाठपुरावा त्याचाच करायचा असतो.

आश्वासन समितीबद्दल आपल्याकडं फार कमी लोकांना माहिती आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे बघायला ही वेगळी समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे, तिथं १५ सदस्य असतात, मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. ‘तपासून बघतो’, ‘माहिती गोळा करत आहोत’ अशी वाक्यंसुद्धा तिथं आश्वासनात धरतात. आपल्या विधिमंडळाचीही अशी समिती आहे. ती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावून विचारू शकते, पण हुकूम देऊ शकत नाही, शिफारस करते. आम्ही त्या दिवशीच्या कार्यवाहीचं पान जोडून आमदारांच्या पत्रानं समितीकडं गेलो. पुढं वर्षभरात बारापैकी नऊ जणांच्या खात्यात पैसे आले. तिघांचं वारस आणि वाटणीत अडकलं, तो सभागृहाचा विषय नव्हता.

दोन गोष्टी जाता जाता. वाढीव मोबदल्यासाठी तुमच्यातलं कुणी कोर्टात गेलं असेल तर ते आमदारांना आधीच सांगा. न्यायप्रविष्ट बाब म्हणून प्रश्न नाकारला जाऊ शकतो. त्यांची नावं वगळून बाकीच्यांपुरता प्रश्न लिहा. आणि खासदारांकडून लोकसभेत विचारून घ्या असा सल्ला कुणीतरी देईलच. राज्याच्या कालव्यासाठी राज्यानं केलेलं भूसंपादन तिथं चालत नाही, प्रश्न केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो. आमचा एक हंगाम त्यातही गेला.

तुमच्या प्रश्नाचा छापील मजकूर mls.org.in वर मिळाला तर बघा, नाहीतर आमदारांच्या स्वीय सहायकांकडून प्रत घ्या. पहिला भाग इथं जसाच्या तसा टाका, नावं आणि गट नंबर झाकून. शेजारी लिहा: एकूण खातेदार किती, किती जणांना काही ना काही रक्कम मिळाली, ताब्याची तारीख कागदावर कोणती आहे. ‘हे खरे नाही’ नेमकं कुठल्या शब्दामुळं आलं ते मी शोधून सांगतो.