पाणी विकू नकोस

बाळा,

गोराईच्या वाडीत विकायच्या चाऱ्यासाठी अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचे दहा खड्डे खणू की वीस गुंठे नेपियर गवत लावू, या घोळात तू पावसाळ्याआधीचे दिवस घालवतो आहेस. तुझी घालमेल कळते, पण हिशोब न मांडता बसलास याचा राग येतो.

ताज्या अझोलात शेकडा चौऱ्याण्णवच्या आसपास पाणीच असतं. २ मीटर बाय १ मीटरच्या खड्ड्यातून रोज अर्धा किलो निघतो, म्हणजे एका म्हशीच्या दोन किलोंसाठी चार खड्डे लागतात. त्या दोन किलोंत सुकं जेमतेम १२० ग्रॅम आणि त्यातलं प्रथिन पंचवीस-तीस ग्रॅम. तेवढं प्रथिन ६५-७० ग्रॅम शेंगदाणा पेंडीत मिळतं. पेंड ५० रुपये किलो धरली तर तुझ्या दोन किलो अझोलाची किंमत साडेतीन रुपयांच्या आत. रोज धुवायचा, शेणाचा वास घालवायचा, ऊन पस्तीसच्या वर गेलं की सावली धरायची, मुंबईच्या पावसात वाहून जाऊ नये म्हणून वर छत घालायचं, एवढं करून साडेतीन रुपये! घरची गाय असेल तर जरूर कर. विकायला नको. पाणी विकू नकोस.

नेपियरचं गणित उभं राहतं. गुंठ्याला वर्षाला दोन टन धर. वीस गुंठ्यांतून रोज शंभर-एकशे दहा किलो. म्हैस वीस किलो खाते, म्हणजे पाच म्हशींचा चारा. तू चारच म्हशींचा शब्द दे, कारण थंडीत वाढ मंदावते. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर ४५ दिवसांनी. म्हणून रानाचे ४५ पट्टे पाड आणि रोज एकच काप. असं केलं नाहीस तर एक दिवस ढीग आणि महिनाभर रिकामे हात. विहिरीचं पाणी मे महिन्यात खारं होतं का, ते आधी तपासून घे.

लवकर कापलास तर वजन भरतं, पण भरतं ते पाणी. उशीर केलास तर दांडा जून होतो आणि गव्हाणीत दांडके उरतात. गिऱ्हाईक बोलायच्या आधी ती गव्हाण बघत जा.

एका मोठ्या तबेलेवाल्याला पावसात कोवळा चारा स्वस्तात हवा होता. मी दिला नाही, तो गेला. हळहळ आजही वाटते, पण त्याच्या म्हशींना पाणी पाजून मी वजनाचे पैसे घेतले नसते. पावसात रानोमाळ गवत असतं, तेव्हा दर पडतोच. खरा भाव फेब्रुवारी ते मे, आणि तो त्यालाच मिळतो ज्याने पावसातही तोच चारा दिला.

नेपियरच्या कांड्या घ्यायच्या आधी चार म्हशीवाल्यांकडे जा. रोज किती किलो, कोणत्या वेळी, कुट्टी करून की अखंड, पैसे आठवड्याला की महिन्याला, हे विचार. तिघांनी होकार दिला तरच पूर्ण वीस गुंठे कांडी लाव. दोघांनीच दिला तर दहा गुंठे लाव.