शेंगी गेली, आता सुमनला काय लिहू?

"माझ्या मैत्रिणीची मांजर गेली. तेरा वर्षांची होती. फोन केला की ती नुसती रडते, नाहीतर म्हणते, मीच मारलं तिला. घरचे म्हणतात, दुसरी आण. मला काय बोलावं सुचत नाही म्हणून पत्र लिहायला घेतलं, पण चार ओळींच्या पुढं जात नाही. काय लिहू?"

साताऱ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे हल्ली हे वरचेवर विचारतात. कुणाची मैत्रीण असते, कुणाची सासू, कुणाचा कॉलेजातला मुलगा. इथं सांगते ती गोष्ट एका बँकेत काम करणाऱ्या बाईंची. बदली होऊन त्या सांगलीहून साताऱ्यात आल्या होत्या. मैत्रीण सुमन तिकडंच, गावभागात; शेंगी तिची मांजर. नावं बदलली आहेत आणि चार भेटींतलं बोलणं इथं थोडक्यात आणलं आहे.

लिहिलेल्या चार ओळी त्यांनी पर्समधून काढल्या. "शेंगी आता सुखात असेल. तू तिचं खूप केलंस. काळ हेच औषध. काही लागलं तर सांग." मी म्हटलं, "शेंगीच्या जागी 'आजी' घालून वाचा." त्यांनी वाचलं. एक अक्षर बदलावं लागलं नाही. कागद घडी करत त्या म्हणाल्या, "म्हणजे यात शेंगी नाहीच."

शेंगी नव्हतीच, आणि सुमनच्या आसपासही तिचं नाव कुणी घेत नव्हतं. माणूस गेलं की आपल्याकडं शेजारी पिठलं-भात घेऊन येतात, दहा दिवस घरात ये-जा राहते, गेलेल्याबद्दल बोललं जातं. मांजरीला ना सुतक, ना दहावा. सुमन शिवणकाम करते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला दारात हजर होतं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाला समाजाची मान्यता नसलेलं दुःख म्हटलं. मला ही मांडणी फार पटते. दुःख नेहमीएवढंच असतं, पण ते ठेवायला जागा मिळत नाही. पत्र ही जागा होऊ शकतं. त्यासाठी पहिल्याच ओळीत मांजरीचं नाव हवं आणि 'गेली' हा शब्द सरळ हवा.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "शेंगीबद्दलची अशी एक गोष्ट सांगा, जी सुमनला ठाऊक नाही."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "सगळं तिलाच ठाऊक. मांजर तिची." मग पुराची आठवण सांगितली, ती तर दोघींची होती. मार्केट यार्डात शेंगांच्या पोत्यामागं सापडलेलं टरफलाच्या रंगाचं पिल्लू, तेही सुमननंच सांगितलेलं. मी घाई केली नाही. निघताना चप्पल घालता घालता त्या थांबल्या. "माझ्याकडं एक आंबा रंगाचा ब्लाउज आहे, सुमननं शिवलेला. त्याच्या बगलेच्या शिलाईत शेंगीचा एक पांढरा केस अडकलाय. दरवेळी दिसतो. उपटायचा म्हणते आणि ठेवते."

कापलेल्या कापडावर येऊन बसायची शेंगीची खोड होती. खडूच्या रेघांवर लोळायची. गिऱ्हाइकानं बोलू नये म्हणून सुमन प्रत्येक कापडावरून चिकटपट्टी फिरवून केस काढायची. त्यातला एक निसटला, धाग्याबरोबर शिवला गेला आणि साताऱ्यातल्या कपाटात पोचला. हे सुमनला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तिथंच मला वाटलं, पत्र झालं.

इतकी वर्षं हे काम करून माझं एक मत पक्कं झालं आहे. प्राणी गेला की घरच्या माणसाला वाटतं, आता याच्याबद्दल नवं काही घडणार नाही. जेवढं आहे तेवढंच, आणि तेही विसरलं जाईल. अशा वेळी दुसऱ्या कुणाकडून एक न ऐकलेली गोष्ट कळली, तर गेलेल्यात थोडी भर पडते. म्हणून मी कुणालाही 'सोडून दे' असं सांगत नाही. नातं राहतं, फक्त राहण्याची जागा बदलते. मैत्रिणीनं आपल्याकडचा तुकडा तिच्या हवाली करायचा.

आता 'मीच मारलं'. याला "तुझी काही चूक नाही" हे उत्तर पुरत नाही. ते वाक्य सुमनला घरच्यांनी दहा वेळा ऐकवलं होतं. अपराधी वाटणारा माणूस मनात तारखा मोजत असतो, म्हणून उत्तरही तारखांनीच द्यावं लागतं. मी बाईंना सांगितलं, फोनवर सुमनला बोलू द्या आणि कागदावर तीन गोष्टी टिपा: तारीख, त्या दिवशी काय दिसलं, त्या दिवशी काय ठाऊक होतं.

ऑक्टोबरमध्ये शेंगी न्हाणीतल्या बादलीतून पाणी प्यायला लागली. ऑक्टोबरचं ऊन होतं, सगळेच जास्त पाणी पीत होते. डिसेंबरमध्ये उचलताना हलकी लागली; वजन केलं तर ४ किलोची ३ किलो ४०० ग्रॅम. त्याच आठवड्यात दवाखाना, रक्ततपासणी, मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात ५.८. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. पुढं महिनाभर रोज कातडीखाली १०० मिली सलाइन, घरीच. जानेवारीअखेर तिनं खाणं सोडलं आणि डॉक्टरांशी बोलून तिला शांतपणे जाऊ द्यायचं ठरलं.

सुमन भांडत होती ते ऑक्टोबरशी. तिला डिसेंबरात कळलेलं ती ऑक्टोबरातल्या सुमनला विचारत होती. शिवाय हा आजार मांजरीत लपूनच वाढतो. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांची साधारण तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते, आणि मांजर दुखणं दाखवत नाही.

इथं एक खबरदारी. "आधी कळलं असतं तरी काही झालं नसतं" असं लिहू नका. लवकर कळलं तर पथ्याच्या खाण्यानं काही मांजरी जास्त जगतात, आणि सुमननं ते कुठंतरी वाचलेलं असणारच. खोटा दिलासा एकदा पकडला गेला की पत्रातलं खरंही वाया जातं. त्या दिवशी काय ठाऊक होतं एवढंच लिहायचं.

तिसऱ्या भेटीत शेवटची गाठ निघाली. इंजेक्शननंतर शेंगीचे डोळे उघडेच राहिले होते आणि मिनिटभरानं तिनं एक मोठा श्वास घेतला. तो श्वास सुमनच्या झोपेत येत होता. मी बाईंना म्हटलं, आपण तर्क करायचा नाही, डॉक्टरांनाच विचारा. डॉक्टरांनी फोनवर समजावलं: भुलीच्या औषधाचा तो मोठा डोस असतो. काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. डोळे मिटायला स्नायूंची ताकद लागते, ती उरत नाही म्हणून ते उघडे राहतात. नंतरचा श्वास शरीराची आपोआप होणारी हालचाल असते; तो जाणवायला शेंगी जागी नव्हती. इंजेक्शन देण्याआधी हे सांगायला हवं होतं, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. माझं तर म्हणणं आहे, प्रत्येक दवाखान्यात हे आधी सांगावं.

चौथ्या भेटीला बाई हे लिहून घेऊन आल्या. मी दोन शब्द बदलले, बाकी सगळं त्यांचं.

"प्रिय सुमे,

शेंगी गेली. हे लिहितानाही हात जड झालाय.

पुरात तू दोन क्रेट एकावर एक ठेवून परकराच्या नाडीनं बांधलेस आणि तिला आत घातलंस, आठवतं? २०१९ चा ऑगस्ट. अख्ख्या बोटीत ती एकटीच ओरडत होती, आपण सगळे गप्प. आपल्या सगळ्यांच्या वाटणीचं तीच ओरडली असं मला तेव्हा वाटलं होतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू शिवलेल्या आंबा रंगाच्या ब्लाउजच्या डाव्या बगलेत शेंगीचा एक पांढरा केस शिवला गेलाय. तुझी चिकटपट्टी तिथं हरली. मी तो कधीच काढला नाही, आणि काढणारही नाही.

ऑक्टोबरात ती बादलीतलं पाणी प्यायची तेव्हा तुला फक्त ऊन ठाऊक होतं. ज्या आठवड्यात वजन कमी दिसलं, त्याच आठवड्यात तू तिला दवाखान्यात नेलंस. नंतर महिनाभर सलाइनची बाटली कोमट पाण्यात धरून, तिला गार लागू नये म्हणून, रोज सुई टोचलीस. आयुष्यभर सुई धरणारा तुझा हात पहिल्या दिवशी थरथरला, असं तूच म्हणालीस.

त्या शेवटच्या श्वासाबद्दल मी डॉक्टरांना विचारलं. शेंगी तेव्हा झोपलेली होती. तो श्वास तिच्यापर्यंत पोचला नाही.

रविवारी अकराला फोन करते. उचलला नाहीस तरी चालेल, पुढच्या रविवारी पुन्हा करेन. मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

तुझी."

दीड पान, हातानं लिहिलेलं. याहून लांब नको. दुःखातला माणूस तिसऱ्या पानापर्यंत जात नाही. 'काही लागलं तर सांग' याच्या जागी वार आणि वेळ आली, कारण मागणं हे दुःखात सगळ्यात अवघड काम. दुसऱ्या पिल्लाचा विषय काढायचा नाही; तो सुमन काढेल तेव्हा. आपला कुत्रा गेला होता ते लिहायचा मोह होतो, पण मग वाचणारीलाच आपलं सांत्वन करावं लागतं. पत्र पहिल्या दोन आठवड्यांत गेलेलं बरं, पण उशीर झाला म्हणून थांबू नका. महिन्याभरानं सगळे विसरलेले असतात, तेव्हा आलेलं पत्र जास्त जपून ठेवलं जातं.

पत्राला जमणार नाही असंही काही असतं. कित्येक आठवडे जेवण-झोप तुटलेली असेल, किंवा 'मलाही जगायचं नाही' असं बोलणं येत असेल, तर पत्रावर थांबू नका. तिच्याजवळ जा, डॉक्टरांकडं न्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. सुमनच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

बारा दिवसांनी बाईंनी मला फोन केला. सांगलीहून पोस्टकार्ड आलं होतं, दोनच ओळींचं. त्यांनी वाचून दाखवलं.

"ब्लाउज पाठवून दे. उसवणार नाही, नुसता बघायचाय."