तीन लॅपटॉप आणि बावीस ओळींचा तक्ता

प्रश्न : मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, ती हॉस्टेलला राहणार आहे. तीन लॅपटॉप पसंत केलेत. कंपन्यांच्या माहितीवरून मी 22 ओळींचा तक्ता केला, प्रत्येक ओळीला दहापैकी गुण दिले. बेरीज जवळपास सारखीच येतेय. आता निवडायचं कसं? – एक आई, उदगीर

उत्तर : नमस्कार ताई. तुमच्या तक्त्याचे कॉलम बरोबर आहेत. तीन लॅपटॉप शेजारी-शेजारी असले की एकाच ओळीवर नजर फिरवून फरक दिसतो. अडचण ओळींमध्ये आहे. त्या कंपनीच्या जाहिरातीतून आल्या आहेत, मुलीच्या चार वर्षांतून नाही.

आधी तिन्हीकडे सारखं उत्तर असलेल्या ओळी खोडा. 512 जीबी एसएसडी, वेबकॅम, ब्लूटूथ, विंडोज हे सगळ्यांत आहे, म्हणजे त्याने निर्णयाला काहीच मदत होत नाही. उलट अशा ओळी तिघांनाही सारखे गुण देतात आणि खरा फरक बेरजेत बुडतो. तुमची बेरीज सारखी येण्याचं मोठं कारण हेच.

मग उरलेल्यांत 'याशिवाय चालणारच नाही' अशी ओळ शोधून सर्वांत वर घ्या. तिच्या शाखेसाठी ती रॅमची. अँड्रॉइड स्टुडिओ, त्यातला एम्युलेटर आणि ब्राउझर एकदम उघडले की 8 जीबी अपुरी पडते, म्हणून आज नाही तर दुसऱ्या वर्षी 16 जीबी लागेलच. या ओळीला गुण द्यायचे नाहीत. जो यात बसत नाही तो बाद, मग तो कितीही हलका आणि स्वस्त असो. गुणांच्या बेरजेत मात्र असा लॅपटॉप वजनाच्या आणि किमतीच्या जोरावर पहिलासुद्धा येऊ शकतो.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मी तक्ता असा करेन. ब मध्ये वाढीव रॅमचे 4,000 रुपये धरलेत, दुकानातून ताजा भाव घ्या.

| निकष | अ | ब | क |
|---|---|---|---|
| रॅम : आज / जास्तीत जास्त (जीबी) | 8 / 8 | 8 / 24 | 16 / 32 |
| 16 जीबी रॅमसह खर्च (रु.) | शक्य नाही | 61,000 | 62,500 |
| चार्जरसह वजन (किलो) | 1.7 | 1.9 | 2.9 |
| बॅटरी (वॉट-तास) | 54 | 50 | 48 |
| घरी येऊन दुरुस्ती (वर्षे) | 1 | 2 | नाही |

अ पहिल्याच ओळीत गळला, कारण त्याची रॅम मदरबोर्डला सोल्डर केलेली आहे आणि वेगळा स्लॉट नाही. हे दुकानातही पाहता येतं. टास्क मॅनेजरमध्ये Performance, मग Memory उघडा. तिथे Form factor समोर Row of chips लिहिलेलं दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे. सोबत मोकळा स्लॉट आहे का, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

खर्चाची ओळही नीट पाहा. ब ची छापील किंमत 57,000 आणि क ची 62,500, म्हणजे साडेपाच हजारांचा फरक वाटत होता. दोघांना एकाच पातळीवर आणलं की तो दीड हजारावर येतो. त्यामुळे ब आणि क मधला प्रश्न पैशांचा राहतच नाही.

बॅटरीच्या ओळीत कंपनीने सांगितलेले तास लिहू नका. प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी असते, बरेचदा स्क्रीन मंद ठेवून व्हिडिओ चालवून तो आकडा काढतात. वॉट-तास हे माप सगळ्यांना सारखं लागू पडतं. डेमो लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा दिली की अहवाल तयार होतो :

```
powercfg /batteryreport
```

त्यात Design capacity समोर 50,000 mWh असेल तर ती 50 वॉट-तासांची बॅटरी. पण या मापालाही मर्यादा आहे. ब आणि क मध्ये फक्त दोनचा फरक दिसतो, तरी क हा गेमिंगचा लॅपटॉप आहे, त्याचा प्रोसेसर हलक्या कामातही जास्त वीज ओढू शकतो. ब ने 10 वॉट घेतले तर पाच तास मिळतील. क ने 15 घेतले तर जेमतेम सव्वातीन. म्हणून त्या चौकटीत आकड्याखाली 'गेमिंग प्रोसेसर' एवढी नोंद करा.

क चं वेगळं ग्राफिक्स कार्ड ही त्याची खरी जमेची बाजू. मुलीला गेम डेव्हलपमेंट किंवा मशीन लर्निंगची मनापासून ओढ असेल तर तिच्यासाठी आणखी एक ओळ वाढवा आणि मग क चा विचार जरूर करा. तसं नसेल तर रोज हॉस्टेल ते कॉलेज एक किलो जास्त ओझं वाहण्यात अर्थ नाही. शिवाय दुरुस्तीसाठी तिला एकटीने सर्व्हिस सेंटर गाठावं लागेल. माझं मत ब च्या बाजूने आहे.

पैसे भरण्याआधी दुकानदाराकडून एक गोष्ट लेखी घ्या : रॅम कोण बसवणार आणि त्यानंतर दोन वर्षांची वॉरंटी कायम राहणार का.