मीटर-सेंटिमीटर, किलो-ग्रॅमच्या वर्कशीटमध्ये दशांश चिन्ह नक्की कसं हलवायचं?

प्रश्न: माझी मुलगी पाचवीत आहे. एककांचं रूपांतर करताना दशांश चिन्ह कधी डावीकडे नेते, कधी उजवीकडे, आणि किती घरं न्यायचं हे हमखास चुकतं. काल ३ मीटर ५ सेंटिमीटरचे तिने ३.५ मीटर लिहिले. घरी वर्कशीट करून घ्यायची आहे, कशी करू?

उत्तर:

३.५ हे उत्तर नीट बघा. इथे चिन्ह चुकीच्या दिशेला गेलेलं नाही, कारण मुलीने ते हलवलेलंच नाही. 'मीटर' हा शब्द काढून तिथे टिंब ठेवलं आणि पुढे ५ लिहिले, एवढंच झालं. तिच्या दृष्टीने दशांश चिन्ह म्हणजे मोठं एकक आणि लहान एकक यांच्यामधली भिंत. त्यामुळे घरं मोजायचा नियम आणखी दहा वेळा घोकून घेतला तरी ही चूक जाणार नाही.

खरं कारण असं, की चिन्हानंतरचं पहिलं घर सेंटिमीटरचं नसतंच. ते डेसिमीटरचं असतं, म्हणजे मीटरच्या दहाव्या भागाचं. व्यवहारात डेसिमीटर कोणी वापरत नाही, म्हणून मुलांना ते घर दिसत नाही आणि त्या जागी सेंटिमीटर जाऊन बसतात. घर रिकामं असलं तरी तिथे शून्य लिहावंच लागतं, म्हणून उत्तर ३.०५. मापनपट्टी असेल तर ताणून दाखवा: ३.०५ म्हणजे ३ मीटरच्या पुढची पाचवी सेंटिमीटरची खूण, आणि ३.५ म्हणजे ३ मीटरच्या पुढे थेट अर्धा मीटर. दोन्ही जागांवर बोट ठेवलं की फरक वेगळा समजावावा लागत नाही.

किलोग्रॅमच्या बाबतीत तर अशी दोन घरं लपलेली असतात. किलोनंतर हेक्टोग्रॅम, मग डेकाग्रॅम आणि तिसऱ्या घरात ग्रॅम. लीटरनंतर डेसिलीटर, सेंटिलीटर आणि तिसऱ्या घरात मिलिलीटर. म्हणून वर्कशीटच्या वरच्या बाजूला सात घरांची पट्टी काढून द्या, न वापरली जाणारी एककं मुद्दाम तशीच ठेवून:

| किलो | हेक्टो | डेका | मीटर / ग्रॅम / लीटर | डेसि | सेंटि | मिलि |
|---|---|---|---|---|---|---|

पट्टी वापरायची रीत एकच. दिलेल्या संख्येतला एककस्थानचा अंक दिलेल्या एककाच्या घरात लिहायचा आणि बाकीचे अंक त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका घरात. मग ज्या एककात उत्तर हवं, त्याच्या घरानंतर दशांश चिन्ह द्यायचं. हवं असलेलं एकक आणि अंक यांच्यामध्ये जी घरं रिकामी राहतील, त्यांत शून्य.

७५ मिलिलीटरचे लीटर करून बघू. ५ मिलिच्या घरात, ७ सेंटिच्या घरात. लीटरमध्ये उत्तर हवं, म्हणून चिन्ह लीटरच्या घरानंतर. डेसिचं घर रिकामं, तिथे ०. लीटरचं घर रिकामं, तिथेही ०. वाचलं की ०.०७५ लीटर. आता उलट: २.५ किलोग्रॅमचे ग्रॅम. एककस्थानी २ आहे, तो किलोच्या घरात. ५ हेक्टोच्या घरात. उत्तर ग्रॅममध्ये हवं, म्हणून डेका आणि ग्रॅम या दोन्ही घरांत शून्य, आणि उत्तर २५००. या रीतीत डावीकडे की उजवीकडे हा प्रश्नच येत नाही. अंक आपापल्या घरात बसून राहतात आणि फक्त चिन्हाची जागा बदलते.

याच दुसऱ्या उदाहरणात बरीच मुलं २५००० किंवा २.५००० लिहितात. हजाराने गुणायचं म्हणजे पुढे तीन शून्यं द्यायची, हे पूर्ण संख्यांच्या वेळी पाठ झालेलं असतं, त्याचा हा परिणाम. २.५००० म्हणजे २.५ च, म्हणजे गुणाकार झालाच नाही, हे मुलीकडूनच म्हणून घ्या.

पट्टीऐवजी उड्या मोजून चिन्ह हलवत असेल तर आणखी एक चूक दिसेल: ३५० सेंटिमीटर = ०.३५० मीटर. ती बोट ठेवून "सेंटि, डेसि, मीटर" अशी तीन घरं मोजते. घरं तीन आहेत, पण मधल्या उड्या दोनच. जिथून निघालो ते घर मोजायचं नाही, हे एकदा सांगून पुरत नाही. पट्टीवर दोन घरांच्या मधोमध छोटे बाण काढून द्या आणि बाणच मोजायला सांगा.

दिशेसाठी वर्कशीटमध्ये एक जादा रकाना ठेवा: 'आकडा वाढेल / कमी होईल'. उत्तर काढण्याआधी तो भरायचा. लहान एककाने मोजलं की आकडा मोठा येतो, मोठ्या एककाने मोजलं की लहान. ४८ मिलिमीटरचे ४८० सेंटिमीटर लिहिणाऱ्या मुलीने आधी 'कमी होईल' लिहिलं असेल, तर आपली चूक तिची तिलाच दिसते. तरी शंका राहिली तर कंपासपेटीतली पट्टी काढायची. ४८ मिलिमीटर ५ सेंटिमीटरच्या खुणेच्या जरा अलीकडे संपतात, म्हणून ४.८.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्नांमध्ये कोणते आकडे द्यायचे. बाजारातल्या आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच वर्कशीट इथेच फसतात. त्यांत २ किग्रॅ ३५० ग्रॅम, ४ किग्रॅ ६२५ ग्रॅम, ७ लीटर १८० मिली असेच प्रश्न असतात. ग्रॅमचा आकडा तीन अंकी असला की मध्ये नुसतं टिंब ठेवलं तरी उत्तर बरोबर येतं. दहापैकी दहा गुण मिळतात आणि मुलीला काहीच कळलेलं नसतं.

त्याऐवजी हे तीन प्रश्न एकाखाली एक द्या, किलोग्रॅममध्ये रूपांतर करायला:

६ किग्रॅ ४०० ग्रॅम
६ किग्रॅ ४० ग्रॅम
६ किग्रॅ ४ ग्रॅम

बरोबर उत्तरं ६.४००, ६.०४० आणि ६.००४. भिंतवालं टिंब देणारी मुलगी ६.४००, ६.४० आणि ६.४ लिहील. मग तिला विचारा, या तिघांत मोठी संख्या कोणती? तिघी सारख्याच आहेत. म्हणजे ४०० ग्रॅम, ४० ग्रॅम आणि ४ ग्रॅम यांचं वजन एकच झालं. हे तिच्याच वहीत, तिच्याच अक्षरात समोर असतं, त्यामुळे तुम्हाला वाद घालावा लागत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला ६.०४ असं उत्तर आलं, तर चूक वेगळी आहे. मुलगी रुपये-पैशांचा किंवा मीटर-सेंटिमीटरचा दोन घरांचा नियम किलोलाही लावते आहे. अशा वेळी १ रुपयात १०० पैसे म्हणून दोन घरं, १ किलोत १००० ग्रॅम म्हणून तीन घरं, असं शेजारी शेजारी लिहून घ्या. (पैशांचं उदाहरण पूर्वीइतकं उपयोगी राहिलेलं नाही म्हणा. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे ५ रुपये ५ पैसे या मुलांनी पाहिलेलेच नसतात.)

उलट दिशेचे प्रश्नही याच धर्तीवर हवेत. १.२५ लीटर म्हणजे किती लीटर किती मिलिलीटर? '१ लीटर २५ मिली' हे उत्तर फार येतं, कारण आपण ती संख्या 'एक पॉइंट पंचवीस' अशी वाचतो आणि कानाला पंचवीसच ऐकू येतात. चिन्हानंतरचे अंक सुटे वाचायची सवय लावा: 'एक पॉइंट दोन पाच'. मग तिसरं घर शून्याने भरायचं, १.२५०, म्हणजे १ लीटर २५० मिली. इथे मराठीतली मापं कामाला येतात. सव्वा लीटर म्हणजे एक लीटर आणि पाव लीटर, हे मुलीला वाणसामानाच्या यादीतून माहीत असतं, आणि पाव लीटर २५ मिलिलीटरचं नसतं हेही. दीड, पावणेदोन, अडीच हे शब्दही वापरा. दीड मीटर म्हणजे १५० सेंटिमीटर, पण दीड किलो म्हणजे १५०० ग्रॅम. दोन्हीकडे संख्या १.५ च. असे जोडप्रश्न दिले की किती घरं जायचं हे संख्येवर नाही तर एककांवर ठरतं, ते लक्षात येतं.

क्रमाबद्दल माझं मत जरा उलटं आहे. पुस्तकांत बहुतेक वेळा लांबी आधी येते, पण रूपांतरापुरती तीच सगळ्यांत अवघड आहे. मिलिमीटर-सेंटिमीटर एक घर, सेंटिमीटर-मीटर दोन, मीटर-किलोमीटर तीन. वस्तुमान आणि धारकता यांत आपण बहुधा एकच जोडी वापरतो, किलो-ग्रॅम आणि लीटर-मिली, आणि दोन्हीकडे तीनच घरं. म्हणून पहिली वर्कशीट किलो-ग्रॅमची, दुसरी लीटर-मिलीची करा. मग लांबीतल्या तीन जोड्या एकेक करून घ्या आणि शेवटी सगळी सरमिसळ. एका वर्कशीटवर दहा-बारा प्रश्न पुरेत. त्यांत निदान तीन असे ठेवा ज्यात मधलं शून्य लागतं, आणि एक असा ज्यात पूर्णांक भागच शून्य आहे, जसं ८ ग्रॅमचे किलोग्रॅम, ०.००८.

तपासताना ६.४ किग्रॅ आणि ६.४०० किग्रॅ दोन्ही बरोबर धरा. शेवटची शून्यं किंमत बदलत नाहीत. एककांच्या संक्षेपापुढे टिंब देऊ नका, 'सेमी.' असं लिहिलं की काही मुलं ते टिंब दशांश चिन्ह समजून पुढच्या आकड्याला जोडतात. आणि ही पट्टी क्षेत्रफळाला वापरू देऊ नका. १ चौरस मीटरमध्ये १०० × १०० म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर असतात, तिथे चिन्ह दोन नाही तर चार घरं जातं.