भाच्याला बॅट नको, मग काय द्यायचं?

भाचा चौदा वर्षांचा. दोन बॅटी, जर्सी ढीगभर. पुढच्या महिन्यापासून सीझन बॉलच्या नेट्सना जाणार. बजेट दोन-अडीच हजार. (घोडबंदर रोड, ठाणे)

हेल्मेट द्या. टेनिस बॉलवर वाढलेली मुलं पहिल्याच आठवड्यात पुल मारायला जातात आणि दीडशे ग्रॅमहून जड बॉल थेट तोंडावर येतो. अकॅडमीतलं सगळ्यांसाठी ठेवलेलं हेल्मेट कुणाच्याच डोक्याला नीट बसत नाही.

टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवा. समजा माप ५६ आलं, तर ज्या साइझच्या पट्ट्यात ५६ बसतं ती घ्या. मीडियम-लार्ज हे शब्द प्रत्येक कंपनीत वेगळे निघतात. ‘वाढतं वय आहे, एक नंबर मोठं घेऊ’ हे शाळेच्या बुटांना चालेल. मोठं हेल्मेट बॉल लागला की फिरतं आणि ग्रिलच नाकावर येते. पट्टा लावून मुलाला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्यावेगळं हललं, तर परत ठेवा.

आता माझी खरी काळजी. बॉल ग्रिल आणि वरच्या कडेच्या फटीतून आत शिरतो. म्हणून आत BS 7928:2013 हे हेल्मेटचं ब्रिटिश मानक लिहिलंय का पाहा. त्यातली चाचणी मोठ्यांच्या आणि ज्युनियर बॉलसाठी वेगवेगळी असते, कारण मोठा बॉल अडवणाऱ्या फटीतून लहान बॉल सुटू शकतो. सराव कुठल्या बॉलनं होतो ते कोचना विचारा, तोच बॉल दुकानात न्या आणि फटीवर दाबून बघा. शिरला, तर दुकानदार ‘ग्रिल वाकवून देतो’ म्हणेल. बाहेर पडा. पैसे उरले तर गार्ड घ्या. लाजेपायी ते कुणी मागत नाही.

ओळखीच्यांकडे जुनं हेल्मेट अर्ध्या किमतीत मिळतंय. घेऊ का? (वाशी)

नको. जोरात बॉल लागलेलं हेल्मेट वरून ठणठणीत दिसतं, आतला फोम मात्र दबलेला असतो.

खेळाडूची सही असलेली बॅट ऑनलाइन स्वस्त दिसते. खरी असते का? (कळवा)

बहुतेकदा छापलेली असते. सगळ्या फोटोंत सही हुबेहूब सारखी दिसली की समजा.

पुतण्या फक्त सोसायटीत टेनिस बॉल खेळतो. हेल्मेट हवंच का? (ऐरोली)

नाही. त्याच्या बॅटची ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर दोन नव्या ग्रिप आणि त्या चढवायचा शंकूसारखा कोन द्या. सीझन बॉल सुरू करणार असेल, तर मात्र वरचं उत्तर वाचा. पहिला मार लागायची वाट बघू नका.

नेरुळच्या डी. वाय. पाटीलला मॅच असेल तर तिकीट कसं राहील? (सीवूड्स)

छान. दोन काढा, अधिकृत विक्रीतूनच. त्या दिवशी त्याचे नेट्स किंवा परीक्षा नाही ना, ते आधी त्याच्या आईला विचारा.