राउटरचा ताबा अनोळखी माणसाला द्यावा का?

> "संध्याकाळी नेट फार अडखळतं. एका ग्रुपमधले एक जण म्हणतात, राउटरचं रिमोट मॅनेजमेंट चालू करा आणि अॅडमिन पासवर्ड द्या, मी इथूनच बघून देतो. फुकटात करतायत. देऊ का?"

देऊ नका. तो माणूस भला असेलही, पण तुम्हाला ते कळायचा काही मार्ग नाही. "नंतर पासवर्ड बदलू" या भरवशावर तर अजिबात नको. पासवर्ड बदलला तरी त्याने आत बदललेल्या सेटिंग तशाच राहतात.

नाशिकला माझ्या भावाकडे हेच झालं. असाच एक मदतनीस आला, नेट दोन दिवस बरं चाललं. मग बँकेची साइट उघडली की साइटची ओळख पटत नाही असा सर्टिफिकेटचा इशारा यायला लागला. घरातल्या प्रत्येक फोनवर वायफायवर इशारा, मोबाइल डेटावर काही नाही. म्हणजे गडबड फोनमध्ये नव्हती, राउटरमध्ये होती. लॅपटॉपवर `ipconfig /all` दिलं. DNS Servers पुढे एरवी त्यांच्याकडे राउटरचाच पत्ता, 192.168.1.1, दिसायचा. तिथे भलताच आयपी होता. साइटचं नाव घेऊन पत्ता सांगायचं काम डीएनएसचं. ते परक्याच्या हातात गेलं की बँकेचं नाव टाकूनही तुम्ही त्याच्या सर्व्हरवर पोचू शकता. मध्ये उभा राहतो तो फक्त ब्राउझरचा इशारा, आणि घाईत लोक तोही ओलांडून जातात. हा प्रकार जुना आहे. डीएनएसचेंजर टोळीने जगभरातल्या लाखो संगणकांचं असंच केलं होतं, 2011 साली ती पकडली गेली.

एक लक्षात घ्या: घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणाऱ्या DHCP ऐवजी त्याने राउटरच्या WAN, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावरचा डीएनएस बदलला असेल, तर `ipconfig` मध्ये सगळं नीट दिसेल. ते राउटरमध्ये शिरूनच बघावं लागतं.

भावाला शिरताच येईना, कारण अॅडमिन पासवर्डही बदललेला. उरला फॅक्टरी रीसेट. रीसेट केलं की राउटर ज्याने कंपनीच्या नेटला जोडला जातो तो पीपीपीओई चा युजरनेम-पासवर्डही पुसला जातो, आणि तो असतो नेट देणाऱ्यांच्या ऑफिसात. खरा मनस्ताप तिथे. "लाइन क्लिअर आहे" म्हणून तक्रार बंद केली. पुन्हा नोंदवली तर म्हणे पासवर्ड फोनवर देता येत नाही, माणूस येईल. माणूस काही येईना. राउटर हॅक झालाय हे ऐकून घ्यायलाही तिथे कोणी नव्हतं. तोवर घरातल्या सगळ्यांनी मोबाइल डेटावर काढलं, मुलीचा ऑनलाइन पेपरसुद्धा. म्हणून पीपीपीओई ची माहिती आजच मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

दूरून मदत घेता येते, पण बटणं तुम्ही दाबायची. त्याने सांगावं, तुम्ही करावं, निकाल तुम्ही पाठवावा. तुमच्या तक्रारीसाठी सुरुवात एवढीच, ऐन संध्याकाळी (राउटरचा पत्ता त्याच्या मागच्या स्टिकरवर बघून घ्या):

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
nslookup example.com
```

पहिल्यातच वेळ वरखाली होत असेल तर वायफायचा दोष. लॅपटॉप केबलने जोडून पुन्हा करा. पहिलं स्थिर आणि दुसऱ्यात Request timed out येत असेल तर बहुतेक लाइन किंवा कंपनी, त्याला राउटरची सेटिंग काय करणार? दोन्ही ठीक आणि तिसरं अडकलं तर डीएनएस. माझ्या मते तुमचं दुसरं निघेल, पण न बघता छातीठोक सांगत नाही.

स्क्रीनशॉट द्यायचाच तर वायफायचा पासवर्ड, पीपीपीओई युजरनेम, सिरियल नंबर आणि पब्लिक आयपी झाका. राउटरची बॅकअप फाइल कोणालाही देऊ नका, पासवर्ड तिच्यातच असतात. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायला हरकत नाही, मात्र माउसचा ताबा द्यायचा नाही. एनीडेस्कसारखं अॅप घालून तो दिलात तर राउटरबरोबर लॅपटॉपही गेला.

आणि कोणी "कंपनीतून बोलतोय, अॅप टाका" म्हणालं तर फोन ठेवा आणि बिलावरच्या नंबरला स्वतः लावा. कंपनीने दिलेला राउटर बहुतेक वेळा त्यांना त्यांच्या बाजूनेच बघता येतो, तुमच्या लॅपटॉपची गरज नसते. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मी नेटवर्क इंजिनिअर नाही, मेनूची नावं मॉडेलप्रमाणे बदलतात. पण रिमोट मॅनेजमेंट आधीच चालू करून बसला असाल तर उत्तराची वाट न बघता बंद करा. मग WAN आणि DHCP दोन्हीकडचा डीएनएस, युजरच्या यादीत जास्तीचं खातं आणि बाहेरून घरात वाट उघडणारं पोर्ट फॉरवर्डिंग बघा. पिंगचे निकाल इथे टाका, तेच तक्रारीलाही जोडता येतील.